१.२ एमएम एसएस पत्र्याला आर्गन घ्यावं की सीओटू मशीन? साध्या रॉडवर जमेल का? (हॉटेल काउंटर, सिंकचं काम)

पत्राकाम_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. आमचं ग्रिल, गेट, शटरचं दुकान आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, वडिलांपासून सगळं लोखंडाचंच काम. आता हायवेवरच्या एका हॉटेलची ऑर्डर आलीय, दोन सिंकवालं वॉशिंग टेबल आणि एक लांब सर्व्हिंग काउंटर, सगळं ३०४ स्टेनलेस स्टीलमध्ये, अठरा गेज म्हणजे १.२ एमएम पत्रा. मालकाने स्पष्ट सांगितलंय की जोड दिसायला नको आणि सिंकमधून एक थेंब गळायला नको. माझ्याकडे २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आहे साध्या रॉडचं. दुकानातला मिस्त्री म्हणतो सीओटू मशीन घ्या, लोखंडालाही चालेल आणि स्टीललाही, बाहेरचे लोक म्हणतात आर्गनशिवाय पत्र्याला हात लावू नका. पैसे एकाच मशीनचे आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष पातळ पत्रा केलाय त्यांनी सांगा, नेमकं काय घेऊ आणि का.

ग्रिलवाला_दादा
सीओटूच घे, डोकं लावू नको. मी एसएसच्या रेलिंगा, गेट, देवळाचे दरवाजे सगळे मिगवर, म्हणजे सीओटू मशीनवरच केलेत. आर्गनवर पोरगं दिवसभर बसतं तेवढं काम मिगवर दोन तासात होतं, ट्रिगर दाबला की झालं, शिकायलाही सोपं. तार तेवढी एसएसची लाव, ०.८ ची. गॅस आहे तोच सीओटू चालतो, वेगळा कशाला. आणि पत्रा ओढला तर मागून ओलं फडकं मारायचं लगेच, सरळ होतो. आर्गन हे डेअरीवाले, औषधवाले यांच्यासाठी, हॉटेलच्या सिंकला एवढं कोण बघतंय.

टॉवेलवाला
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या डाइंगच्या टाकीला जोडाच्या बाजूनेच गंजाची रेघ पडते आणि मग तिथूनच पाझरायला लागतं. तीन एमएमचा पत्रा आहे. मिस्त्री दरवेळी येतो, रॉडने वरून एक लाइन मारतो आणि जातो, वर्षभरात परत तेच. यालाही आर्गनच लागेल का?

मंजुषा_किचन
पत्राकाम भाऊ, आमचं कमर्शियल किचनचंच काम आहे, होटगी रोडला. दादा म्हणतात की हॉटेलच्या सिंकला कोण बघतंय, तर मी सांगते, सगळे बघतात. हॉटेलमालक टेबल आलं की पहिला हात फिरवतो तो सिंकच्या कोपऱ्यावर आणि टॉपच्या कडेवर. टॉपवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं ना, ते सरळ दिसलं पाहिजे, लाटा दिसल्या की माणूस लगेच भाव पाडतो. आमच्याकडे मिग आहे आणि आर्गन पण आहे. मिग आम्ही खालच्या फ्रेमला आणि जाड प्लेटला वापरतो, वर कधीच नाही. कारण तुम्हाला अण्णा नीट सांगतील, ते येतीलच.

आर्गनअण्णा
आलो. मशीनच्या आधी पत्र्याबद्दल बोलू, मग मशीन आपोआप ठरेल.

३०४ चा पत्रा साध्या लोखंडापेक्षा उष्णता जवळजवळ तीनपट कमी वाहून नेतो आणि तापल्यावर दीडपट फुगतो. म्हणजे तुम्ही जिथं आर्क लावला तिथंच उष्णता साठून राहते, आजूबाजूचा पत्रा गार, आणि मधला पट्टा फुगायला बघतोय पण त्याला जागा नाही. गार होताना तोच पट्टा आकसतो आणि शेजारच्या पत्र्याला ओढून घेतो. टॉपला जे पोट येतं ते यामुळे. लोखंडावर हात बसलेला मिस्त्री एसएसवर फसतो तो इथंच, कारण त्याला सवय असते तेवढ्या अँपिअरची आणि तेवढं रेंगाळण्याची. त्यामुळे १.२ ला प्रश्न एवढाच की कुठल्या प्रोसेसने कमीत कमी उष्णतेत जोड वितळतो आणि वर कमीत कमी जादा धातू बसतो.

साधा रॉड घ्या. ३०८ एल चा बारीकात बारीक सहज मिळतो तो २ एमएम. तो धड जळायला ३५-४० अँपिअर तरी लागतात, आणि तेवढ्यातही आर्क पेटवतानाच १.२ च्या कडेला भोक पडतं. भोक नाही पडलं तर भीतीने हात पळतो आणि स्लॅग आत अडकतो. कसलेला माणूस एक-दोन इंचाचा लॅप जोड काढून दाखवेल, पण पाऊण मीटरची सलग शिवण, तीही पाणी धरणारी, नाही. माझा हिशोब सरळ आहे, दोन एमएमच्या खाली रॉड नाही. जाड अँगल, फ्लँज, बाहेर साइटवरची रिपेरी, तिथं रॉडच बरा, कारण वारं लागलं तरी त्याला फरक पडत नाही.

मिगचं दादांनी जे सांगितलं त्यात वेगाची गोष्ट खरी आहे. ०.८ तारेवर, १६-१७ व्होल्टला शॉर्ट आर्कमध्ये १.२ चा पत्रा जोडता येतो, भोक पडत नाही. पण दोन अडचणी. गॅस शुद्ध सीओटू लावला तर तो आर्कमध्ये फुटतो, त्यातला कार्बन जोडात जातो आणि ऑक्सिजन क्रोमियम खातो. ३०८ एल मधला एल म्हणजे कार्बन कमी, त्याचे जादा पैसे देऊन आणायचं आणि गॅसमधून कार्बन परत घालायचा, याला अर्थ नाही. जोड काळा पडतो, दाणे उडतात, आणि ते दाणे पॉलिश पत्र्यावर चिकटले की काढताना ओरखडा राहतो. एसएसला मिगचा गॅस म्हणजे ९८ टक्के आर्गन, २ टक्के सीओटू असा पाहिजे. लोखंडाला वापरतात तो ८०-२० चा सुद्धा पातळ एसएसला जास्तच होतो, रेलिंगच्या पायाला एक वेळ चालेल.

दुसरी अडचण मोठी आहे. तार सतत येतच असते, तुम्ही मागा किंवा नका मागू. म्हणून मिगची लाइन पत्र्याच्या वर उभी राहते. १.२ च्या पत्र्यावर एक-सव्वा एमएमचा उंचवटा, म्हणजे पत्र्याइतकीच जाड भर. सिंकमध्ये ती घासून सपाट करावी लागते, आणि घासताना जी उष्णता होते त्याने पत्रा परत ओढतो, वर कडेला ग्राइंडर बसला की १.२ चा ०.८ होतो.

टिगमध्ये, म्हणजे आपल्या आर्गनमध्ये, उष्णता वेगळी आणि फिलर वेगळा, दोन्ही तुमच्या हातात. कोपऱ्याचा जोड नीट भिडला असेल तर फिलर न घालता दोन्ही कडाच वितळवून एक करता येतात, वर घासायला काही उरतच नाही. म्हणून सिंक आणि टॉपला आर्गन.

टॉवेलवाले, तुमचं वेगळं प्रकरण आहे, खाली स्वतंत्र लिहितो.

ग्रिलवाला_दादा
अण्णा तुमचं मानतो पण टाइमचा हिशोब सांगा की. आर्गनवर मजुरी किती जाईल? गॅस किती जाईल? गिऱ्हाइक तेवढे पैसे देतंय का सोलापुरात?

आर्गनअण्णा
सांगतो, एक सिंक धरा. बाउल ४५० बाय ४५०, खोली २५०. पत्रा अधिक चिन्हासारखा कापून चारही बाजू वर वळवल्या की चार उभे कोपरे जोडायचे राहतात, २५० चे चार म्हणजे एक मीटर. बाउल टॉपला जोडायचा घेर ४५० चे चार, १.८ मीटर. एकूण २.८ मीटर शिवण.

बेताचा हात असलेला माणूस टिगवर मिनिटाला १०० एमएम धरून चाला, २८ मिनिटं आर्क. मिगवर तेच ३५० धरा, ८ मिनिटं. म्हणजे मिगने २० मिनिटं वाचवली. आता ती २.८ मीटरची उभी लाइन सिंकच्या आतल्या कोपऱ्यात शिरून फ्लॅप डिस्कने उतरवा, मग बारीक, मग बफ, ते वीस मिनिटांत होतं का ते तुम्हीच सांगा. माझ्या पाहण्यात तर अर्धा दिवस जातो, वर डिस्क जातात.

गॅस बघा. मोठा सिलेंडर ७ क्युबिक मीटरचा, म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला ८ लिटर धरलं तर या सिंकला २२४ लिटर. कागदावर एका सिलेंडरमध्ये ३१ सिंक, पण आर्क बंद झाल्यावर सोडायचा गॅस, मागून द्यायचा गॅस, टॅकिंग, सगळं धरून वीस-बावीस म्हणा. गॅसला घाबरायचं कारण नाही. खर्च आहे तो घासाईचा, आणि आर्गन तिथं वाचवतं.

मंजुषा_किचन
अगदी हेच. आमच्याकडे वेल्डरपेक्षा बफिंगवाल्याचे तास जास्त लागायचे, जोपर्यंत टॉप मिगवर होत होते. दादा, गिऱ्हाइक वेल्डिंगचे पैसे देत नाही हे खरं आहे, ते फिनिशचे देतं.

पत्राकाम_अक्कलकोटरोड
अण्णा एकदम क्लिअर झालं. मग आता प्रश्न असा की नवीन आर्गन मशीन घेऊ की माझ्या २०० च्या इन्व्हर्टरलाच टॉर्च लावता येते म्हणतात ते खरं आहे का? दुकानदार म्हणतो वाल्ववाली टॉर्च आणि रेग्युलेटर घ्या, बास. दुसरं, वर पंखा लावून काम करतो आम्ही, एप्रिल-मे मध्ये शेडखाली पंख्याशिवाय बसवत नाही, त्याचं काय?

आर्गनअण्णा
खरं आहे. तुमचं मशीन डीसी आहे, एसएसला डीसीच लागतो. टॉर्च मायनसला, अर्थ प्लसला. उलटं लावलं तर टंगस्टनचं टोक क्षणात गोळा होतं, तेवढ्यावरून ओळखा. वाल्व हाताने उघडायचा, टंगस्टन टेकवून हलकेच उचलायचा, आर्क लागतो. मशीनला लिफ्ट आर्क असेल तर टोक तुटत नाही, नसेल तर घासून पेटवावं लागतं आणि टंगस्टनचा कण जोडात जायची भीती. त्यासाठी बाजूला एसएसचा किंवा तांब्याचा तुकडा ठेवून त्यावर पेटवा आणि सरकत जोडावर या.

कमी पडतं ते शेवटी. चांगल्या टिग मशीनला बटण सोडल्यावर करंट हळूहळू उतरतो. तुमच्या मशीनवर टॉर्च झटकन उचलली की आर्क एकदम तुटतो आणि शेवटाला खड्डा राहतो, त्या खड्ड्यात चांदणीसारखी बारीक चीर पडते, डोळ्याला दिसत नाही. सिंक गळतो तो बहुतेक वेळा तिथं. त्यावर उपाय म्हणजे शेवटाला फिलरचा एक थेंब जादा द्या, मग वेग वाढवून मागे, झालेल्या लाइनवर एक सेंटिमीटर येऊन आर्क तोडा. आणि आर्क तुटला तरी टॉर्च तिथंच धरून ठेवा पाच-सात सेकंद, गॅस चालू, जोड लाल आहे तोवर हवा लागू द्यायची नाही.

या एका ऑर्डरला जुन्या मशीनवर टॉर्च लावून करा असं मी म्हणेन. पुढे एसएसचं काम येत राहिलं तर हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट, डाउन स्लोप आणि पल्स असलेलं डीसी मशीन घ्या. एसी-डीसी च्या मागे लागू नका, तो अॅल्युमिनियमसाठी.

आकडे लिहून ठेवा. १.६ चं टंगस्टन, टोक पेन्सिलीसारखं, ग्राइंडरच्या दगडावर उभ्या रेघा येतील असं घासायचं, गोल फिरवून आडव्या रेघा नको. १.२ च्या पत्र्याला ४०-४५ अँपिअर, बाहेरच्या कोपऱ्याला ३५ पण पुरतात. फिलर ३०८ एल, १.२ किंवा १.६ चा. गॅस ७-८ लिटर.

पंखा अंगावर चालणार नाही. आर्गन हवेपेक्षा जड असला तरी पंख्याच्या झोताने नोझलपासून उडून जातो, मग जोड राखाडी होतो आणि बारीक छिद्रं पडतात. लोक म्हणतात गॅस खराब आला, गॅस चांगला असतो, मागे पंखा चालू असतो. आणि मग रेग्युलेटर १५ लिटरवर नेतात, त्याने आणखी बिघडतं, कारण जोरात सोडलेला गॅस भोवरा करून हवा आत ओढतो. उन्हाळ्यात पहाटे सहा ते दहा हे काम करा, पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा किंवा जोडासमोर पत्र्याचा आडोसा लावा.

आयटीआय_वेल्डर
मी आयटीआयला वेल्डर ट्रेड केलाय आणि आता एका टाकीवाल्याकडे आहे. अण्णांनी टंगस्टनचा रंग नाही सांगितला. लाल टोकवालं दुकानात सगळीकडे मिळतं पण त्यात थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे, घासताना उडणारी धूळ नाकात जायला नको. सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लॅन्थनम वालं घ्या, आर्क पण पटकन लागतो. अजून एक, एसएसच्या धुरात क्रोमियम असतं, ते फुफ्फुसाला वाईट. रॉड आणि मिगवर धूर जास्त, टिगवर कमी दिसतो म्हणून लोक मास्क लावत नाहीत, लावा. पंखा नको म्हणजे शेड बंद करून बसायचं असं नाही, वरून हवा बाहेर गेली पाहिजे.

लेझर_केगाव
मित्रांनो २०२५ च्या पुढं आर्गन कोण शिकतंय. हाताने चालवायचं १५०० वॉटचं फायबर लेझर मशीन घ्या, १.२ चा पत्रा शिवणयंत्रासारखा धावतो, पोट येत नाही, पोरगं दोन दिवसात शिकतं. आमच्याकडं आल्यापासून आर्गन टॉर्च खुंटीला.

मंजुषा_किचन
लेझर चांगलं आहे, मी पुण्यात बघितलं, जोड खरंच बारीक आणि सरळ येतो. पण त्याला फिटिंग लय अचूक लागतं, आणि आमचा बेंडिंगवाला एक एमएमची फट सर्रास ठेवतो, तिथं लेझर सरळ आरपार जातं. वायर फीडर लावला तर थोडी फट भरते. शिवाय एका ऑर्डरसाठी तेवढं भांडवल कोण घालेल.

आयटीआय_वेल्डर
आणि लेझरला साधा वेल्डिंगचा काच चालत नाही बरं का, त्या तरंगलांबीचा वेगळा चष्मा लागतो, आणि एसएसवरून परावर्तित झालेला किरण पण शेजारच्या माणसाचे डोळे घालवू शकतो. शेडच्या मध्ये उघड्यावर चालवलेलं मी बघितलंय, सगळ्यांच्या डोळ्यांशी खेळ आहे तो.

लेझर_केगाव
चष्मे आहेत की आमच्याकडं. पडदा पण लावलाय. फिटिंगचं म्हणाल तर बेंडिंगवाला बदला.

आर्गनअण्णा
लेझरवर माझा हात नाही, त्यामुळे नाही म्हणणार नाही. पण फटीचं बोललात ते आर्गनलाही तितकंच लागू आहे. १.२ च्या पत्र्याला फट शून्य पाहिजे, फार तर पाव एमएम. त्यापुढे कडा वितळून मागे सरकते आणि भोक होतं. भोक पडलं की माणूस फिलर घालतो, फिलर वितळायला करंट वाढवतो, उष्णता वाढते, पत्रा ओढतो. मशीनचा दोष म्हणून जे सांगितलं जातं ते निम्मं तर कटिंग-बेंडिंगमधलं असतं.

आता सिंक कसा बसवायचा ते सांगतो. टॉपला भोक पाडून बाउल तसाच खालून भिडवू नका, सपाट टॉपवर उष्णता लागली की लाट येणारच. भोकाच्या कडा ८-१० एमएम खाली वळवून घ्या, कोपऱ्याला आधी खाच मारून, आणि बाउलचा घेर त्या वळवलेल्या कडेला खालून भिडवा. जोड टॉपपासून सेंटिमीटरभर खाली जातो, आणि वळवलेली कड स्वतःच ताठ असते, ती ओढ अडवते.

टॅक ३०-४० एमएमवर. एका टोकापासून सुरू करून पुढे पुढे जायचं नाही, आधी मध्ये, मग दोन्ही टोकं, मग त्यांच्या मध्ये. टॅक लांब लांब ठेवले तर लाइन मारताना पुढची फट कात्रीसारखी उघडत जाते. लाइनही एका दमात घेर फिरवून मारू नका, ६०-७० एमएम मारा, मग समोरच्या बाजूला जा, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर परत इकडे.

दादांचं ओलं फडकं चालतं. ३०४ पाणी मारल्याने कडक होत नाही, तडकत नाही, उलट लवकर गार झालेलं बरं. फक्त पुढे जिथं जोडायचंय तिथं पाणी जाऊ देऊ नका, ओलसर कडेवर आर्क लावला की छिद्रं.

पत्राकाम_अक्कलकोटरोड
एका सॅम्पल तुकड्यावर मारून बघितलं टॉर्च लावून. वरून सोनेरी सुंदर आलं, पण मागून काळं, खडबडीत, फुगलेलं आलंय, बोट फिरवलं तर टोचतं. करंट ४५ च होता. हे काय आहे?

आर्गनअण्णा
मागून हवा लागली. वरच्या बाजूला टॉर्चमधला आर्गन आहे, मागच्या बाजूला वितळलेल्या धातूला थेट हवा. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनने जळतं आणि असा दाणेदार काळा थर फुगतो. वेल्डर याला साखर आली म्हणतात. सिंकचे कोपरे तुम्ही बाहेरून मारणार, म्हणजे ही साखर नेमकी आत, पाण्याच्या बाजूला येणार. तिथं खरकटं अडकतं, गंज तिथूनच धरतो, आणि घासून काढू म्हणाल तर जोडातच खड्डा होतो.

तुमच्या कामाला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कोपऱ्याच्या आतून जाड अॅल्युमिनियमचा अँगल घट्ट क्लॅम्प करा, त्याची बाहेरची धार कानशीने किंचित गोल करून. तो उष्णता ओढून घेतो, स्टीलला चिकटत नाही, आणि मागे हवा राहायला जागाच उरत नाही. तांब्याचा मिळाला तर आणखी बरा. अँगलच्या धारेवर उभी बारीक चर पाडून त्यातून ३-४ लिटर आर्गन सोडला तर मागची बाजू चांदीसारखी येते. सिलेंडरला टी लावून दुसरा फ्लो मीटर घ्यावा लागेल. गॅस सुरू केल्यावर अर्धं मिनिट थांबा, आधीची हवा निघून गेली पाहिजे.

टॉवेलवाला
माझ्या टाकीचं राहिलं अण्णा.

आर्गनअण्णा
विसरलो नाही. तीन एमएमला रॉड चालतो, त्यामुळे प्रोसेस हा तुमचा मूळ प्रश्न नाही. रंगाच्या टाकीत तुम्ही मीठ घालता, गरम पाणी असतं, क्लोराइड आणि उष्णता एकत्र आली की ३०४ ला टोचे पडतातच, आणि ते सगळ्यात आधी जोडाच्या शेजारी पडतात, कारण तिथं निळा-काळा थर तसाच सोडलेला असतो. त्या थराखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. मिस्त्री गंजावरूनच लाइन मारतो, म्हणजे खालची चीर तशीच राहते आणि वर नवीन निळा पट्टा तयार होतो. खराब भाग कापून काढून ठिगळ लावा, पत्रा ३१६ एल घ्या आणि रॉड ३१६ एल, आणि जोडाचं पिकलिंग करून घ्या, म्हणजे तो निळा-काळा थर अॅसिडने काढून टाका. मिठाचं प्रमाण आणि तापमान जास्त असेल तर ३१६ एल सुद्धा कायमचा इलाज नाही, आयुष्य वाढेल एवढंच. हा धागा पातळ पत्र्याचा आहे, टाकीसाठी वेगळा धागा काढा, तिथं फोटो टाका.

मंजुषा_किचन
पिकलिंगचं पत्राकाम भाऊंनाही लागेल. हलका सोनेरी रंग चालतो, निळा, जांभळा, राखाडी काढलाच पाहिजे. पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं, ते हाताला लागलं तर सुरुवातीला दुखतच नाही आणि आत हाडापर्यंत जातं. रबरी हातमोजे, गॉगल, उघड्या जागेत, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल शेजारी ठेवूनच वापरा. धुतलेलं पाणी चुन्याने मारल्याशिवाय गटारात सोडू नका. आम्ही आता ब्रश असलेलं इलेक्ट्रिक क्लीनिंग मशीन वापरतो, त्यात फॉस्फोरिकचं लिक्विड असतं, ते बरंच सुरक्षित.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं दुकान लोखंडाचं आहे. लोखंडावर वापरलेली डिस्क, तारेचा ब्रश, अगदी टेबलावर पडलेला लोखंडाचा बुरादा, काहीही एसएसला लागू देऊ नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पंधरा दिवसांत लाल ठिपके येतात, मग मालक म्हणतो तुम्ही ३०४ दिलंच नाही.

ग्रिलवाला_दादा
हे मात्र शंभर टक्के. माझ्या रेलिंगवर असे ठिपके आलेले, मी समजत होतो माल खराब. मग ओळखायचं कसं ओ ताई, माल खराब का काम खराब?

मंजुषा_किचन
दादा, ठिपके कुठेही विखुरलेले असतील तर लोखंडाचे कण. जोडाला समांतर पट्टा धरून गंज असेल तर न काढलेला निळा रंग. सगळा पत्राच तपकिरी व्हायला लागला तर ग्रेड बघा, ३०४ म्हणून २०२ खपवतात. लोहचुंबकाने २०२ आणि ३०४ मधला फरक कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. टेस्टिंग लिक्विडची बाटली मिळते, थेंब टाकून बॅटरी लावायची, २०२ मध्ये मँगनीज जास्त म्हणून लाल होतो. पत्रा उतरवून घेतानाच टेस्ट करा.

पत्राकाम_अक्कलकोटरोड
अपडेट देतो. पहिला सिंक झाला. अॅल्युमिनियमचा अँगल लावून कोपरे मारले, आतून एकदम स्वच्छ आलं, साखर नाही. टॉपला एका बाजूला किंचित लाट आहे पण मालक चालेल म्हणाले. बाहेरून जोडाला चुन्याचं पाणी लावून वाळवलं आणि आतून रॉकेल लावलं, एका कोपऱ्याच्या शेवटाला चुन्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ओला डाग आला. आता त्यावरच परत आर्क लावू का?

आर्गनअण्णा
थेट लावू नका. त्या छिद्रात रॉकेल शिरलंय, वर आर्क लावला की ते जळून धूर बाहेर यायला बघेल आणि शेजारी दुसरं छिद्र पडेल. पहिल्यांदा चुना आतून-बाहेरून धुवून काढा, मग थिनरने किंवा अॅसिटोनने पुसा, उडून जाऊ द्या, आणि आर्क लावायच्या आधी ती बाटली शेडच्या बाहेर ठेवा. नवीन, फक्त एसएसला वापरलेल्या बारीक डिस्कने तो खड्डा उघडा, खोलवर नको, निम्म्या जाडीपर्यंत. मग आतून अँगल परत लावून छिद्राच्या दोन सेंटिमीटर आधी आर्क सुरू करा, तिथं फिलरचा थेंब द्या आणि झालेल्या लाइनवर मागे येऊन तोडा. उरलेल्या तीन कोपऱ्यांचे शेवटही बघा, डाग आला नसला तरी तिथं खड्डा दिसत असेल तर आत्ताच भरून घ्या.

लेझर_केगाव
लेझरला शेवटाला पण करंट उतरवता येतो, सांगून ठेवतो. कोणाला डेमो बघायचा असेल तर केगावला या, तुमचा स्वतःचा पत्रा घेऊन या.

मंजुषा_किचन
मी येते दोन तुकडे घेऊन, एक फट नसलेला आणि एक आमच्या बेंडिंगवाल्याचा. दोन्हीचा मागच्या बाजूचा फोटो इथे टाकते.